गच्चीची तीन कोटेशनं आणि कोब्यात मुरलेलं पाणी

प्रश्न : आमची डोंबिवलीत सोळा फ्लॅटची चार मजली सोसायटी आहे, १९९६ची. गच्ची साधारण १८०० चौरस फूट, कोबा आणि वर चायना चिप्स. पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या तीन फ्लॅटचं छत गळतं, पाऊस उघडला तरी तीन-चार दिवस ठिबकत राहतं. उन्हाळ्यात कोरडं असतं. २०२१मध्ये पांढरं कोटिंग मारून घेतलं होतं, ते दोन पावसाळे टिकलं आणि आता फुगे येऊन सुटतंय. यंदा तीन कोटेशनं आली आहेत. अॅक्रिलिक कोटिंग तीन हात, ४२ रुपये फूट, दहा वर्षांची वॉरंटी. एपीपी मेम्ब्रेन, ७८ रुपये फूट, सात वर्षं. कोबा तोडून नवीन कोबा, १८५ रुपये फूट, पाच वर्षं. काही सभासद म्हणतात, स्वस्त आणि जास्त वॉरंटीचं घ्या. काही म्हणतात, गळतं त्यांनीच पैसे द्यावेत. मार्च सुरू झालाय. काय करावं? – सोसायटीच्या सचिव

उत्तर : ताई, पाऊस थांबल्यावरही तीन-चार दिवस ठिबकतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे. कोटेशनं थोडी बाजूला ठेवा आणि आधी हिच्याकडे बघू.

गच्चीला नुसती भेग असती, तर पाऊस असेपर्यंत गळलं असतं आणि तो उघडल्यावर काही तासांत थांबलं असतं. तुमच्याकडे तसं होत नाही, कारण पाणी कोब्यात साठतंय. कोबा म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून केलेला चार-सहा इंचांचा थर. त्यानेच गच्चीला ढाळ मिळतो. वीट पाणी पिते. वरच्या चिप्सच्या, म्हणजे चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांच्या सांध्यातून, कठड्याच्या कडेच्या फटीतून किंवा पावसाच्या पाइपच्या तोंडापाशी पाणी एकदा आत शिरलं, की ते विटांमधून पसरत स्लॅबवर येऊन बसतं आणि स्लॅबला जिथे वाट सापडेल तिथे उतरतं. म्हणून खाली ज्या खोलीत ठिबकतं, तिच्या बरोब्बर वर भोक असेलच असं नाही. ते दहा-पंधरा फुटांवरही निघतं. खालच्या डागाच्या वर मिस्त्रीकडून तेवढाच तुकडा बंद करून घेतला तर ती दुरुस्ती टिकत नाही, ती यामुळेच. उन्हाळ्यात छत कोरडं राहतं, याचा अर्थ वरच्या टाकीचा किंवा पाण्याच्या लाइनचा दोष जवळजवळ नाही. तेवढी एक शंका मिटली.

२०२१चं कोटिंग का गेलं, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे. उद्या सकाळी ब्लेड घेऊन गच्चीवर जा आणि तीन-चार फुगे कापून पाहा. फुग्याच्या आतला पृष्ठभाग ओला किंवा दमट असेल, तर कोटिंग मारलं तेव्हा कोब्यात पाणी होतं. उन्हाने त्याची वाफ झाली, तिला वर यायला जागा नव्हती, म्हणून तिने कोटिंगच उचललं. आत कोरडी धूळ आणि जुन्या शेवाळाचे काळे डाग असतील, तर पृष्ठभाग नीट न घासता, न धुता काम केलंय. कापलेली पापडी हातात घेऊन तिची जाडीही बघा. पोस्टकार्डाइतकीही जाड नसेल, तर माल पातळ करून मारलेला आहे. फोटो काढून ठेवा. यंदाच्या कंत्राटदारांशी बोलताना ते उपयोगी पडतील.

आता चाचण्या. पहिली ठोकून पाहण्याची. छोटा हातोडा किंवा लोखंडी सळईचा तुकडा घ्या आणि गच्चीवर दोन-दोन फुटांवर ठोकत चला. कोबा स्लॅबला धरून असेल तिथे आवाज खणखणीत येतो, सुटलेला असेल तिथे बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागा खडूने घेरा आणि शेवटी कागदावर गच्चीचा नकाशा काढून त्यावर उतरवा. सकाळी ऊन चढायच्या आत दोन माणसांचं हे काम होतं आणि माझ्या मते सगळ्या निर्णयात सर्वांत जास्त वजन याच नकाशाला द्यायला हवं.

दुसरी पाणी साठवून पाहण्याची. इथे एक काळजी घ्या. सगळी गच्ची एकदम भरू नका, कारण मग अख्खा कोबा पुन्हा पाणी पिऊन बसेल आणि तो सुकायला तुमचे आठवडे जातील. चौथ्या मजल्यावरच्या गळक्या खोल्यांच्या वरचा भाग घ्या. कठड्यापासून दीड-दोन फूट आत मातीचा किंवा मालाचा दोन इंचांचा बांध घालून आळं करा आणि त्यात इंचभर पाणी ४८ तास ठेवा. खाली ओल आली, तर मधला कोबा गळतो. नाही आली, तर बांध काढून पाणी कठड्याच्या वाट्याला भिडू द्या आणि आणखी ४८ तास थांबा. गच्ची आणि कठडा मिळतात तिथली गोलाई, म्हणजे वाटा, तिथे आता ओल आली तर दोष कडेचा आहे. पाइपच्या तोंडाला वेगळं आळं करून तीच परीक्षा घ्या. माझा अनुभव असा की जुन्या इमारतींत वाटा आणि पाइपचं तोंड या दोन जागा मधल्या सपाट भागापेक्षा आधी फुटलेल्या असतात. स्लॅब उन्हात रोज थोडा सरकतो, कठड्याची भिंत वेगळी सरकते आणि दोघांच्या मधला वाटा तडकतो.

ही चाचणी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका, म्हणजे पुढे सुकायला वेळ मिळेल. कंत्राटदारांना त्या वेळी बोलवा. जो वर येऊन स्वतः ठोकून बघतो, खाली फ्लॅटमध्ये जाऊन छत बघतो आणि पाइपचं तोंड उघडून हात घालतो, त्याचं कोटेशन वाचायला घ्या. जो गच्चीच्या दारातूनच फूट मोजून जातो, त्याचा दर कितीही गोड असला तरी त्याने काम पाहिलेलंच नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येऊ.

नकाशावर बद्द आवाजाच्या जागा एक चतुर्थांशाहून कमी आणि बहुतेक कडेला असतील, तर कोबा तोडायची गरज नाही. सुटलेले तुकडे तेवढेच काढायचे, ती जागा पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायची. वाटा सगळीकडून फोडून नव्याने घडवायचा आणि कठड्यावर किमान फूटभर वर न्यायचा. पाइपच्या तोंडाभोवतीचा माल काढून ते न आकसणाऱ्या ग्राउटने पक्कं करायचं. भेगा इंग्रजी व्हीच्या आकारात कापून सीलंटने भरायच्या. हे सगळं झाल्यावरच कोटिंग. कोटेशनमध्ये या कामांचा वेगळा उल्लेख नसेल, नुसतं कोटिंग तीन हात एवढंच असेल, तर तुम्ही २०२१चंच काम पुन्हा विकत घेताय.

कोटिंगमध्ये अॅक्रिलिक की पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सभेत कोणीतरी विचारेलच. अॅक्रिलिक स्वस्त असतं, उन्हात बरं टिकतं, पण पाणी साचून राहतं तिथे मऊ पडतं. पीयू जास्त ताणतं, साचलेलं पाणी जास्त सोसतं आणि महागही असतं. मात्र त्याला पृष्ठभाग अगदी कोरडा लागतो आणि प्रकार उन्हाला टिकणारा आहे ना, हे मालाच्या तांत्रिक पत्रकात पाहावं लागतं. तुमच्या गच्चीचा ढाळ चांगला असेल, पाऊस थांबल्यावर तासाभरात ती रिकामी होत असेल, तर चांगलं अॅक्रिलिक पुरे. डबकी राहत असतील तर आधी ढाळ दुरुस्त करा, मग ठरवा. चायना चिप्सवर दोन्ही कोटिंगं नाखुशीनेच धरतात, कारण चिप्स गुळगुळीत असतात. त्यामुळे जुनं कोटिंग पूर्ण खरवडणं, मशीनच्या जोरदार फवाऱ्याने धुणं आणि प्रायमर या तिन्ही गोष्टी लेखी घ्या. सांधे आणि वाटे यांवर पहिल्या हातात जाळीचं कापड बसवलं पाहिजे, हेही लिहून घ्या.

आता त्या तीन हातांचं काय ते बघू. हात मोजण्यात अर्थ नाही, कारण पाणी घालून पातळ केलेले पाच हातही कमी पडतात. बादल्या मोजा. हिशेब सोपा आहे. तुमची गच्ची १८०० चौरस फूट, म्हणजे साधारण १६७ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक लिटर माल पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो. मालात आकारमानाने निम्मा घन भाग असेल, तर सुकल्यावर तो अर्धा मिलिमीटर उरतो. गच्चीला एक मिलिमीटर सुकी जाडी हवी असेल, तर चौरस मीटरला दोन लिटर, एकूण ३३४ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या सतरा बादल्या. घन भाग किती टक्के, ते मालाच्या पत्रकात दिलेलं असतं, तो आकडा घालून हा हिशेब पुन्हा करा. वाटा आणि कठड्याचं क्षेत्र यात धरलेलं नाही, त्याच्या एक-दोन बादल्या वाढतील. कंत्राटदाराला विचारा, किती बादल्या लागतील? तो सात-आठ म्हणाला, तर त्याच्या ४२ रुपयांचं रहस्य उलगडलं. करारात बादल्यांची संख्या घाला. सीलबंद बादल्या सोसायटीच्या ताब्यात उतरवून घ्या आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत जिन्याखाली ठेवा. वॉचमनही मोजू शकेल इतकं हे सरळ आहे.

एपीपी मेम्ब्रेन हे डांबरी पट्ट्यांचं काम. एक मीटर रुंदीचे रोल ज्योतीने तापवून चिकटवतात, शेजारच्या पट्टीवर दहा सेंटिमीटर चढवतात आणि कठड्यात खाच घेऊन तिथे टोक दाबतात. माल चांगला आहे, पण तुमच्या गच्चीवर मी तो सुचवणार नाही. चिप्सच्या वरखाली पृष्ठभागावर तो नीट बसत नाही, आधी समपातळीचा थर द्यावा लागतो. खाली ओला कोबा असेल तर याच्याही खाली वाफ धरते आणि फुगे येतात. शिवाय तुमच्या गच्चीवर कपडे वाळत असतील, डिशवाले आणि केबलवाले येत असतील, मुलं खेळत असतील. उघडी मेम्ब्रेन या वापराला नाही. ती झाकायला वरून काँक्रीटचा थर दिला, तर वजन वाढतं आणि पुढे एखादा सांधा सुटला तर तो सापडत नाही.

कोबा तोडण्याचा पर्याय केव्हा घ्यायचा? निम्म्याहून जास्त गच्ची बद्द वाजत असेल, मधल्या भागाच्या आळ्यातही खाली ओल आली असेल, तर वरून काहीही लावा, पैसे वाया जाणार. तेव्हा तोडणं हाच खरा उपाय. मधल्या परिस्थितीत, म्हणजे चतुर्थांश ते निम्म्याच्या दरम्यान, एखाद्या इंजिनिअरला फी देऊन दाखवा. माल न विकणारा आणि कंत्राटदाराने न सुचवलेला माणूस शोधा. सव्वातीन लाखांहून मोठ्या निर्णयापुढे ही फी फार नाही.

एक गोष्ट मात्र कुणीही सुचवली तरी करू नका. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालायचा नाही. चार इंच कोब्याचं वजन चौरस फुटाला १८ किलोच्या आसपास भरतं. १८०० फुटांवर ते बत्तीस टन होतं. जुन्या कोब्याचं तेवढंच वजन तुमचा स्लॅब जवळपास तीस वर्षं पेलतोय, त्यात त्याच्या सळया ओलीने गंजलेल्या असण्याची शक्यता आहे. त्यावर आणखी बत्तीस टन ठेवायची जोखीम कुठलाही शहाणा माणूस घेणार नाही.

तोडायचंच ठरलं, तर काम असं चालतं. हाताने किंवा हलक्या ब्रेकरने कोबा काढायचा, जड मशीन नको. १८०० फुटांचा चार इंच कोबा म्हणजे सहा ब्रास, सुटा झाल्यावर तो आठ ब्रासच्या घरात जातो. हे राबिट स्लॅबवर ढीग करून ठेवायचं नाही, रोजच्या रोज उतरवायचं. ते वाहून नेऊन परवानगीच्या जागी टाकण्याचा खर्च १८५ रुपयांत धरलाय का, हे विचारा. बऱ्याचदा धरलेला नसतो. स्लॅब उघडा झाल्यावर तो स्वच्छ करून भेगा आणि गंजलेल्या सळया दुरुस्त करायच्या, त्यावर सिमेंट-पॉलिमरचा दोन हातांचा लेप द्यायचा आणि इथेच, कोबा घालायच्या आधी, ४८ ते ७२ तास पाणी ठेवून खालून बघायचं. ही मधली चाचणी वगळणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नका. स्लॅब कोरडा राहिला, की विटा आधी पाण्यात भिजवून, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेल्या मालात बसवायच्या. ढाळ साधारण शंभराला एक, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. सांधे भरून घ्यायचे, वरचा थर द्यायचा आणि किमान सात दिवस पाणी साठवून पक्कं होऊ द्यायचं.

एवढं सगळं नीट करायला तुमच्या आकाराच्या गच्चीला पाच-सहा आठवडे लागतात. आणि इथेच वेळेचा प्रश्न येतो.

मुंबई परिसरात पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. पण २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला आणि त्याच्या आधी मे महिन्यात वळवानेही झोडपलं होतं. त्यामुळे मी आता २० मे ही शेवटची रेघ धरतो आणि तिथून मागे मोजत येतो. कोटिंगच्या शेवटच्या हाताला पक्कं व्हायला आठवडा द्या, त्यानंतर दोन दिवस पाणी साठवून परीक्षा. म्हणजे शेवटचा हात १० मेच्या आत. कडेची कामं, वाटा आणि त्यांचं पाणी मारणं यांना दोन-तीन आठवडे. म्हणजे काम १५ एप्रिलपर्यंत सुरू व्हायला हवं. तुमच्याकडे मार्चचे उरलेले दिवस चाचण्यांना आणि सभेला आहेत. कोटिंगचा मार्ग निघाला तर हे जमतं.

कोबा तोडायचा असेल तर जमत नाही. चाचण्या, सभा, करार यांत एप्रिलचा मध्य येईल आणि पाच-सहा आठवडे मोजले तर मेअखेर. त्यात वळवाची एक सर उघड्या स्लॅबवर पडली, तर चौथ्या मजल्यावरच्या तिन्ही घरांत एका रात्रीत पाणी पडेल. म्हणून तोडायची गरज निघाली, तर माझा स्पष्ट सल्ला असा की यंदा फक्त वाटा, पाइपचं तोंड आणि भेगा एवढंच करून घ्या. पावसाळ्यात गळक्या खोल्यांच्या वर जाड ताडपत्री, तिच्या कडा कठड्याच्या वरून घेऊन बांधा. कोब्याचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हा ऊन सौम्य असतं, सिमेंटचा माल घाईने सुकून तडकत नाही. दोन टप्प्यांत, अर्धी-अर्धी गच्ची करता येते आणि त्या महिन्यांत कंत्राटदारालाही घाई नसते, दर बरा मिळतो.

कोटिंग एप्रिल-मेमध्ये करताना दुपारी काम होऊ देऊ नका. गच्ची पायाला चटके देत असते तेव्हा वरचा पापुद्रा लगेच सुकतो आणि आतला ओलावा अडकतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. आणि पहिला हात मारायच्या आधी कोबा सुकलाय का, हे पाहायची एक साधी युक्ती आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडा टेपने बंद करून गच्चीवर चिकटवा आणि रात्रभर, सोळा तास तरी ठेवा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालची जागा गडद झाली, तर थांबा. गच्चीच्या चार-पाच ठिकाणी, त्यातही ठोकताना बद्द वाजलेल्या जागांजवळ, हे करून बघा. कंत्राटदार कंटाळेल, तरी करा.

आता वॉरंटी. दहा वर्षं ऐकून सभासदांना ४२ रुपयांचं कोटेशन सोपं वाटतंय, ते समजण्यासारखं आहे. पण वॉरंटी कोण देतंय, हा पहिला प्रश्न. माल बनवणाऱ्या कंपनीची असेल, तर ती बहुधा तिच्या नोंदणीकृत कंत्राटदाराने, पूर्ण पद्धतीने आणि ठरलेल्या जाडीने केलेल्या कामालाच लागू असते. तिचं प्रमाणपत्र सोसायटीच्या नावाने यायला हवं. कंत्राटदाराच्या लेटरहेडवर कंपनीचं नाव छापलेलं असून चालत नाही. फक्त कंत्राटदाराची असेल, तर तो दहा वर्षं धंद्यात असेल का, एवढाच तिचा अर्थ. स्टॅम्पपेपरवर लिहिली म्हणून तिचं वजन वाढत नाही, वजन मजकुरात असतं.

दुसरा प्रश्न, वॉरंटीत मिळतं काय. नुसता माल मिळणार असेल, तर बादल्या फुकट आणि मजुरी तुमची. खरवडणं, धुणं, मारणं हाच खर्चाचा मोठा भाग असतो. मजुरीसह हवं. तिसरा, वगळलेल्या गोष्टी. तिथे पाणी साचल्यास लागू नाही असं असेल आणि तुमच्या गच्चीवर डबकी असतील, तर वॉरंटी पहिल्याच पावसात संपली. स्लॅबच्या भेगांमुळे गळाल्यास लागू नाही असं असेल, तर कामाआधीच्या भेगा दोघांनी मिळून फोटोत नोंदवा, म्हणजे पुढे प्रत्येक गळती स्लॅबच्या माथी मारता येणार नाही. इतरांनी नुकसान केल्यास लागू नाही, हे वाजवी आहे. त्यासाठी डिशचे स्टँड आणि केबल कठड्याच्या बाहेरच्या बाजूला हलवा, गच्चीत खिळा ठोकू देऊ नका.

करारात असं वाक्य घालून घ्या: काम केलेल्या भागातून खालच्या छताला ओल आल्यास लेखी कळवल्यापासून सात दिवसांत पाहणी, पावसाळ्यात तात्पुरता बंदोबस्त आणि पाऊस उघडल्यावर तीस दिवसांत साहित्य व मजुरीसह विनामूल्य दुरुस्ती. दुरुस्तीनंतर पुन्हा पाणी साठवून चाचणी.

पण सगळ्यात खात्रीची वॉरंटी म्हणजे तुमच्याकडे राहिलेले पैसे. वीस टक्के आगाऊ, चाळीस टक्के पृष्ठभागाची तयारी आणि वाटे पूर्ण झाल्यावर, पंचवीस टक्के पाण्याच्या चाचणीत छत कोरडं राहिल्यावर आणि पंधरा टक्के राखून. त्यातले दहा पहिला पावसाळा संपल्यावर, पाच दुसऱ्यानंतर. चांगल्या कंत्राटदाराला हे मान्य असतं. फार तर तो रक्कम थोडी कमी करायला सांगेल, त्यावर बोलणी होऊ शकतात. राखीव रक्कमच नको म्हणणाऱ्याच्या दहा वर्षांपेक्षा राखीव रक्कम मान्य करणाऱ्याची तीन वर्षं मी घेईन.

कोटेशनं तुलनेला आणायची असतील तर तिघांनाही एकच कामांची यादी द्या आणि बाबवार दर मागवा. खरवडणं आणि धुणं, वाटा धावत्या फुटाने, पाइपची तोंडं नगाने, कोटिंग चौरस फुटाने, बादल्यांची संख्या, राबिट, जीएसटी वेगळा. मग ४२ आणि ७८ या आकड्यांमधलं अंतर कुठून येतं ते दिसेल. संदर्भ मागताना गेल्या वर्षीची कामं नकोत, चार-पाच वर्षांपूर्वीच्या दोन गच्च्यांचे पत्ते मागा. तिथे गेलात की सेक्रेटरीला भेटू नका, वरच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवा.

पत्र्याची शेड हाही पर्याय सभेत निघेलच. ती करायची तर महापालिकेची परवानगी आणि इंजिनिअरचा दाखला घ्या. आणि शेडमुळे वाट्याची दुरुस्ती टळत नाही, तिरकी सर कठड्यावर बसतेच.

पैसे कोणी द्यायचे, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. गच्ची सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे आणि तिच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होते. फक्त चौथ्या मजल्याकडून वर्गणी घेता येत नाही. दुरुस्ती निधीतून किंवा सर्वसाधारण सभेत ठराव करून सोळाही घरांकडून घ्या. ठरावात निवडलेली पद्धत, बादल्यांची संख्या आणि राखीव रक्कम हेही लिहा, म्हणजे पुढची समिती आली तरी कागद बोलेल.

त्या तीन फ्लॅटमधल्या मंडळींना एक सांगा. छताला आत्ता पुट्टी आणि रंग लावू नका. सुटलेलं प्लास्टर मात्र आत्ताच काढून घ्या, ते डोक्यावर पडू शकतं. आत सळई उघडी पडली असेल आणि तिच्यावर गंजाचे पापुद्रे दिसत असतील, तर फोटो काढून इंजिनिअरला दाखवा, ती दुरुस्ती गच्चीच्या कामाबरोबरच करावी लागेल. वरचं काम झाल्यावर स्लॅबमध्ये राहिलेली ओल खालूनच बाहेर पडते. छत काही महिने डागाळलेलं दिसेल, त्यावरून काम फसलं असं समजू नका. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. पावसाळ्यात डाग रेघेबाहेर गेला तर कंत्राटदाराला बोलवा, नाही गेला तर ऑक्टोबरच्या उन्हात छत सुकू द्या आणि मगच रंगारी बोलवा.